दाट परिच्छेदातल्या सूचना क्रमवार पावलांत कशा फोडायच्या? (उदाहरण: चाक बदलणे)

ओंजळ
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात तीन गाड्या आहेत आणि चालवणारे सारखे बदलत असतात. प्रत्येक गाडीत चाक बदलण्याच्या सूचनांचा एक कागद ठेवलाय, पण तो कोणी वाचत नाही. मागच्या महिन्यात एकाने चाक हवेत उचलल्यावर नट सैल करायला घेतले आणि गाडी जॅकवरून घसरली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. कागद पाहिला तर बरोबर सूचना त्यात लिहिलेली होती. म्हणून आता तो कागद नव्याने करायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मजकूर हा:

"पंक्चर झालेले चाक बदलताना गाडी जॅकवर उचलून नट काढून चाक बाजूला करावे व स्टेपनी बसवावी, मात्र नट गाडी उचलण्यापूर्वी अर्धा फेरा सैल केलेले असावेत व जॅक खालच्या पट्टीवरील खाचेतच लावलेला असावा. हँडब्रेक ओढलेला व गाडी गिअरमध्ये असल्याशिवाय आणि कर्णरेषेतील चाकाला ठोकळे लावल्याशिवाय गाडी उचलू नये. स्टेपनी बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, परंतु चाक जमिनीला टेकल्याशिवाय ते पूर्ण आवळू नयेत. त्यापूर्वी स्टेपनीतील हवा तपासलेली असावी. गाडीत कोणी बसलेले नसावे. गाडी सपाट व कठीण जागेवर उभी असावी आणि धोक्याचे दिवे लावून त्रिकोण मागे ठेवावा."

मी प्रत्येक पूर्णविरामाला एक आकडा दिला. सहा पावलं झाली, पण पहिलं पाऊल 'गाडी उचला' आणि सहावं 'सपाट जागेवर उभी करा'! याला काही पद्धत आहे का, की वाचून अंदाजानेच लावायचं?

सरळरेघ
फार विचार करू नका. पूर्णविरामाऐवजी क्रियापदावर तोडा. एक क्रियापद, एक पाऊल. ऑफिसातल्या सगळ्या सूचना मी अशाच करतो आणि लोक नीट पाळतात.

भटकंती
ताई, ट्यूबलेस टायर असेल तर चाक बदलायची गरजच नाही. पंक्चरचा किट ठेवा गाडीत. कोणता किट घ्यावा ते हवं असेल तर सांगतो.

ओंजळ
@भटकंती दादा, किट आहेच. पण टायरची बाजू फाटली तर किट चालत नाही, तेव्हा चाकच बदलावं लागतं. माझा प्रश्न कागद कसा लिहायचा याचा आहे.

@सरळरेघ, क्रियापदावर तोडून पाहिलं. 'असावेत', 'असावा', 'नसावे' याही क्रिया मोजल्या तर वीसच्या आसपास तुकडे होतात. आणि क्रम तोच चुकलेला राहतो.

पानोपानी
मी बरीच वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो आणि तपासतो. @सरळरेघ यांची अर्धी गोष्ट बरोबर आहे, क्रियापदांपासूनच सुरुवात करायची. पण परिच्छेदातली सगळी क्रियापदं एका जातीची नसतात, आणि गोंधळ तिथेच होतो.

ओंजळताई, कागदावर छापून घ्या आणि पेन्सिलने प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. मग प्रत्येकाला विचारा: हे कुणीतरी हाताने करायचं काम आहे, की कामाच्या वेळी असायला हवी अशी स्थिती आहे? 'नट काढून' हे काम. 'ओढलेला असल्याशिवाय' ही स्थिती. तुमच्या परिच्छेदात निम्म्याहून जास्त मजकूर स्थितीच्या रूपात लिहिलाय: सैल केलेले असावेत, लावलेला असावा, तपासलेली असावी, बसलेले नसावे. लिहिणाऱ्याला विषय ठाऊक होता. तो शेवटचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहीत होता. ज्याला चाक बदलायचंय त्याच्यासाठी मात्र यातली प्रत्येक स्थिती हे कुणीतरी आधी केलेलं काम असतं. 'हँडब्रेक ओढलेला असावा' म्हणजे 'हँडब्रेक ओढा', आणि ते काम कुठल्यातरी नेमक्या जागी यायला हवं.

म्हणून आधी सगळ्या स्थितींची आज्ञा करा. क्रम नंतर. दोन्ही एकदम करायला गेलात की काहीतरी सुटतंच.

दुर्बीण
पानोपानींना दुजोरा. यात मराठीची एक खास अडचण आहे ती सांगते. आपलं 'पूर्वी'चं वाक्य बघा: 'गाडी उचलण्यापूर्वी नट सैल करा.' डोळ्यांना आधी काय दिसतं? गाडी उचलणं. नंतर दिसतं नट सैल करणं. म्हणजे कागदावरचा क्रम आणि कामाचा क्रम अगदी उलटे. घाईत वाचणारा 'गाडी उचल...' इथपर्यंत वाचून जॅककडे हात नेतो. तुमच्याकडे जो अपघात होता होता टळला, तो बहुधा असाच झाला असणार.

'-ल्याशिवाय ... नये' याहून कठीण. 'चाक जमिनीला टेकल्याशिवाय नट पूर्ण आवळू नयेत.' यात मनाई एकच दिसते, पण आत तीन कामं दडलीयत: नट हलके आवळा, चाक जमिनीला टेकवा, मग नट पूर्ण आवळा. मधलं काम तर परिच्छेदात कुठेच सांगितलेलं नाही! गाडी खाली घ्यायची, हे वाचणाऱ्याने स्वतःच ताडायचं.

माझा नियम असा: '-पूर्वी', '-ल्याशिवाय', '-ल्यावर', '-ऊन' दिसलं की तिथे कात्री लावायची.

पानोपानी
@दुर्बीण, पहिली तिन्ही मान्य, 'गाडी खाली घेणं' गायब आहे हे तर फारच नेमकं टिपलंत. '-ऊन'शी मात्र मी सरसकट सहमत नाही. 'गाडी उचलून नट काढून चाक बाजूला करावे' इथे '-ऊन' म्हणजे क्रम, तिथे तोडा. पण 'पाना दोन्ही हातांनी धरून फिरवा' इथे धरणं आणि फिरवणं बरोबरच चालतं. ते तोडून '३. पाना धरा, ४. पाना फिरवा' केलं तर माणूस चौथ्या पावलाला पाना सोडून देईल की काय असं वाटतं. परीक्षा सोपी आहे: पहिलं काम संपवून हात मोकळे करून मध्ये दोन मिनिटं थांबता येतं का? येत असेल तर दोन पावलं. नसेल तर एकच.

दुर्बीण
हो, हे पटलं. धरूनचं उदाहरण माझ्या डोक्यात नव्हतं.

जुनापाना
मी गॅरेजवाला. लिहिण्यातलं मला फार कळत नाही, पण क्रम कशामुळे तसा आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हाला लावायला सोपं जाईल.

नट जमिनीवर असतानाच का सैल करायचे? घट्ट बसलेल्या नटाला पूर्ण अंगाचा जोर लावावा लागतो. चाक हवेत असेल तर एक तर ते नटाबरोबर फिरतं, नाहीतर तो सगळा जोर गाडीला आडवा हलवतो आणि जॅक तिरका होतो. जॅक सरळ वजन पेलतो, आडवा धक्का त्याला सोसत नाही. जमिनीवर असलं की जमीनच चाक धरून ठेवते. पण सैल म्हणजे अर्धा फेरा, काढायचे नाहीत.

शेवटी पूर्ण आवळायचं तेही जमिनीवर, कारण तेच. मात्र हवेत असताना हलके आवळावेच लागतात, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि तसंच खाली येतं.

ठोकळे का? हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचं एक चाक उचललं की हँडब्रेकची पकड उरलेल्या एकाच मागच्या चाकावर राहते. म्हणून गाडी सरकू नये यासाठी कर्णरेषेतल्या चाकाला पुढून-मागून ठोकळा. हे उचलण्याआधी. उचलल्यावर ठोकळा लावायला वाकलात आणि गाडी सरकली तर काय उपयोग?

आणि तुमच्या कागदात 'त्यापूर्वी स्टेपनीतील हवा तपासलेली असावी' असं आहे. कशापूर्वी? नट आवळण्यापूर्वी? तोवर चाक काढून झालेलं असतं! स्टेपनीत हवा नाही हे तेव्हा कळलं तर गाडी तीन चाकांवर आणि एका जॅकवर. हवा सगळ्यात आधी बघा.

ओंजळ
@जुनापाना दादा, 'त्यापूर्वी'चं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मी ते इमानदारीत 'नट आवळण्यापूर्वी' समजून चौथ्या जागी ठेवलं होतं.

पानोपानी
@जुनापाना यांनी जे केलं तीच खरी पद्धत आहे. क्रम लावताना 'यानंतर काय' हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याचं उत्तर आपण परिच्छेदातूनच उचलतो. उलट प्रश्न विचारायचा: हे काम सुरू करायच्या क्षणी काय काय खरं असायला हवं? प्रत्येक कामासाठी कागदाचा एक तुकडा घ्या, मागे त्याच्या गरजा लिहा. 'गाडी उचला' या तुकड्यामागे येईल: जमीन कठीण, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, ठोकळे लावलेले, गाडीत कुणी नाही, नट सैल, जॅक खाचेत. सात गरजा. म्हणजे ती सातही कामं या तुकड्याच्या वर जायला हवीत. परिच्छेदात हेच काम सगळ्यात पहिलं आहे!

मग ज्या तुकड्याला काहीच गरज नाही तो वर ठेवायचा, आणि ज्याच्या सगळ्या गरजा वर येऊन गेल्या तो पुढचा. दोन तुकडे एकाच वेळी मोकळे झाले तर जे चुकलं तर जास्त महाग पडेल ते आधी. स्टेपनीची हवा आणि त्रिकोण दोन्ही कधीही करता येतात, पण त्रिकोण आधी, कारण तोपर्यंत मागून गाड्या येतच असतात.

'त्यापूर्वी', 'तसेच', 'हे झाल्यावर' यांतला 'ते' आणि 'हे' नेमकं काय, ते कधीही वाक्याच्या जागेवरून ठरवू नका. गरजेवरून ठरवा, आणि तरीही खात्री नसेल तर विषय जाणणाऱ्याला विचारा. इथे दादा होते म्हणून बरं.

कोरांटी
माझाही अनुभव सांगते, थोडा वेगळा आहे. आई घरी रक्तदाब मोजते. यंत्राबरोबरच्या कागदावर सगळं एका परिच्छेदात: पट्टा कोपराच्या वर दंडावर बांधा, हात हृदयाच्या उंचीला टेकवा, बटण दाबा, बोलू नका. आणि अगदी शेवटी, 'मोजण्यापूर्वी ५ मिनिटे शांत बसावे, त्याआधीच्या ३० मिनिटांत व्यायाम, धूम्रपान किंवा कॉफी टाळावी.' आईने पट्टा बांधून बटण दाबेपर्यंत सगळं केलं, आणि मग ती ओळ वाचली. ती नुकतीच जिने चढून आली होती.

मी नवा कागद करताना ३० मिनिटांची ओळ आकड्यांच्या वर वेगळी लिहिली, 'अर्ध्या तासापूर्वीपासून' असं मोठ्या अक्षरांत. आणि पहिल्या पावलाला '५ मिनिटे शांत बसा'. आता आईचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवलेला असतो. पण मला प्रश्न पडला होता की त्या वरच्या ओळीला आकडा द्यायचा की नाही. मी दिला नाही.

पानोपानी
@कोरांटी, अगदी बरोबर केलंत. ज्या गोष्टीला आधीपासून वेळ लागतो ती आकड्यांच्या वर. वाचणाऱ्याला पहिलं पाऊल हातात घेण्याआधीच कळायला हवं की आज हे काम करता येईल की नाही. सुकायला, थंड व्हायला, चार्ज व्हायला लागणारा वेळ, लागणारी हत्यारं, सगळं तिथे.

तिठा
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. आकडा नसलेलं काहीही लोक वाचत नाहीत. आकडा दिसला की नजर तिथे उडी मारते. वरच्या चौकटीतली 'सुरू करण्यापूर्वी' आणि 'सावधान' ही दोन्ही वाया जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. शिवाय हे असले मजकूर शेवटी फोनवर एकमेकांना पाठवले जातात, तिथे चौकट-बिकट काही टिकत नाही, सगळं सपाट होतं. म्हणून मी इशाऱ्यालाही आकडा देतो. '८. गाडीखाली हातपाय घालू नका.'

पानोपानी
@तिठा, तुमचा अनुभव खोटा नाही, तरी मी आकडा देणार नाही. पाऊल म्हणजे जे करून संपतं. 'हातपाय घालू नका' हे संपत कधी? आठव्याला वाचलं, पुढे गेलो, नवव्याला ते लागू आहे की नाही? शिवाय कुणी फोनवर विचारलं 'कितव्यावर आहेस?' तर 'आठव्यावर' याला अर्थ राहत नाही. मी इशारा त्या पावलाच्या आतच ठेवतो, कामाच्या आधीच्या ओळीत: 'गाडीखाली हातपाय जाणार नाहीत असे बाजूला बसा. मग जॅक फिरवा.' असं आज्ञेत बदललं की ते करण्याजोगं होतं, आणि फोनवर गेलं तरी हरवत नाही.

तिठा
हे चाकासाठी जमेल. पण जिथे इशारा चार-पाच पावलांभर लागू असतो तिथे प्रत्येक पावलात तो लिहिणार का? मला अजून पटलेलं नाही. असो, तुमचा अनुभव दांडगा आहे.

सरळरेघ
बरं, माझी चूक मान्य. पण एक सांगा, किती पावलं झाली की फार झाली? वीस आकडे पाहिले की माणूस कागदच घडी घालून ठेवतो.

पानोपानी
एकाच जागी, एकाच हत्याराने, सलग होणारी छोटी कामं एका आकड्यात चालतात. 'हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, पहिल्या गिअरमध्ये टाका', तिन्ही बसल्या जागी होतात. पण जिथे चुकलं की धोका आहे तिथे एका आकड्यात एकच काम, मग आकडे कितीही होवोत. आणि लांब यादीचे गट पाडा: 'उचलण्याआधी', 'उचलल्यावर', 'खाली घेतल्यावर'. आकडे मात्र सलगच ठेवा. प्रत्येक गटात पुन्हा १ पासून सुरू केलं तर 'तिसरं पाऊल' तीन ठिकाणी होतं.

ओंजळ
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री तुकडे कापून जमिनीवर मांडून बसले होते. हा पहिला मसुदा:

*उचलण्याआधी*
१. गाडी रहदारीपासून बाजूला, सपाट आणि कठीण जमिनीवर उभी करा. धोक्याचे दिवे लावा.
२. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि पहिला गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर पी.
३. सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा.
४. त्रिकोण गाडीच्या मागे ठेवा.
५. स्टेपनीतली हवा तपासा. हवा नसेल तर इथेच थांबा आणि मदत मागवा.
६. पंक्चर चाकाच्या कर्णरेषेतल्या चाकाला पुढून आणि मागून ठोकळा लावा.
७. प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा. काढू नका.
८. पंक्चर चाकाजवळच्या खाचेखाली जॅक बसवा.

*उचलल्यावर*
९. बाजूला बसून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी उचला.
१०. नट काढा, चाक काढा.
११. स्टेपनी बसवा आणि सगळे नट हाताने लावा.
१२. नट समोरासमोरच्या क्रमाने पान्याने हलके आवळा.

*खाली घेतल्यावर*
१३. चाक जमिनीला टेकेपर्यंत गाडी खाली घ्या.
१४. नट समोरासमोरच्या क्रमाने पूर्ण आवळा.
१५. जॅक काढा.

दुर्बीण
किती स्वच्छ झालंय! आता 'पूर्वी' हा शब्द एकदाही आलेला नाही, बघितलंत का? क्रम आकड्यांनी सांगितला की त्या शब्दाची गरजच उरत नाही. एकच सुचवते: पाचव्यात 'हवा नसेल तर' ही अट कामाच्या आधी आलीय, ती तशीच ठेवा. 'मदत मागवा, जर हवा नसेल तर' असं कधीही करू नका.

जुनापाना
छान. पण अजून कागदाची परीक्षा झालेली नाही. ज्याने कधी चाक बदललं नाही अशा कुणाच्या हातात द्या आणि शेजारी गप्प उभे राहा. मी गॅरेजमध्ये नव्या पोराला असंच शिकवतो. तोंड उघडायचं नाही, फक्त धोका दिसला तर थांबवायचं.

ओंजळ
चार दिवसांनी परत आले. आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी आहे, तिने कधी जॅक पाहिलाही नव्हता. तिच्या हातात कागद दिला, आवारातल्या फरशीवर, टायरमधली हवा काढून. मी वही घेऊन बाजूला. ती तीन ठिकाणी अडली.

पाचव्याला 'स्टेपनी कुठे आहे?' तपासा म्हटलं, पण ती बाहेर काढा असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. जॅक आणि पान्याचंही तेच.

सातव्याला तिने पाना लावला आणि उलट्या बाजूला, म्हणजे घट्ट करायच्या बाजूला जोर लावत राहिली. जागचा हलेना तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले, पण लिहून घेतलं.

आणि नववं. तिने कागदाप्रमाणे चाक जमिनीपासून सुटल्याबरोबर थांबवलं. पंक्चर चाक सहज निघालं. पण स्टेपनी हवेने फुगलेली, ती खाली बसेचना! दहा मिनिटं तिने प्रयत्न केला. शेवटी मी सांगितलं, अजून थोडी उचल. हे मूळ परिच्छेदात नव्हतंच, त्यामुळे तो कितीही नीट फोडला तरी यातून हे निघालं नसतं.

पानोपानी
ही तीन टिपणं सोन्यासारखी आहेत. तिन्ही तीन वेगळ्या जातीची आहेत बघा. पहिल्यात पाऊलच गायब. दुसऱ्यात पाऊल आहे पण दिशा नाही. तिसऱ्यात पाऊल आहे पण ते कुठे थांबवायचं ते चुकीचं. 'सुटेपर्यंत' हा शब्द मूळ मजकुरात नव्हता, तो तुम्ही घातलात, हो ना?

ओंजळ
हो. कुठे थांबायचं ते सांगायला हवं म्हणून घातला.

पानोपानी
विचार बरोबर होता. प्रत्येक पावलाला 'झालं हे कसं ओळखायचं' हवंच. पण परिच्छेदात नसलेलं आपण भरलं की त्याखाली खूण करायची आणि जाणकाराला दाखवायचं. मी अशा जागी पिवळा रंग देतो. आपण भरलेलं आणि मुळात असलेलं कागदावर सारखंच दिसतं, म्हणून.

जुनापाना
मीच मसुदा बघून हे सांगायला हवं होतं, माझ्याही नजरेतून सुटलं. हाताला इतकी सवय असते की किती उचलायचं ते आपण मोजत नाही. चाक सुटल्यावर अजून चार बोटं उचला. आणि नट सैल करायची बाजू घड्याळाच्या काट्यांच्या उलट. चाक निघेना तर ते गंजून चिकटलेलं असतं, तेव्हा ओढाताण करायची नाही, गाडी जॅकवर आहे. टायरला बाजूने तळव्याने थापट्या मारायच्या. नाहीच सुटलं तर मदत बोलवा.

अजून एक राहिलं. काही गाड्यांची स्टेपनी बारीक असते, त्यावर ८० चा आकडा छापलेला असतो. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नाही. आणि कुठलंही चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा बघायचे, थोडे सैल झालेले सापडतात कधीकधी.

तिठा
हे शेवटचं बघा आता. ५० किलोमीटरनंतर करायचं काम, त्याला आकडा देणार का? तोवर कागद डिकीत गेलेला असेल.

कोरांटी
माझ्या ३० मिनिटांच्या ओळीचंच दुसरं टोक झालं की हे! मी असते तर कागदाच्या खाली वेगळी ओळ केली असती आणि शेजारी रिकामी जागा: 'चाक बदललं तेव्हाचे किलोमीटर ____'. आकडा लिहिला की तो नंतर डोळ्यांसमोर राहतो.

ओंजळ
@कोरांटी, ही रिकामी जागा फार आवडली. पण @तिठा म्हणतात तेही खरं, कागद परत कोण उघडणार?

पानोपानी
मी त्याला आकडा देईन. ते करून संपतं, म्हणून ते पाऊलच आहे. इशाऱ्यासारखं ते अधांतरी नाही.

तिठा
चला, एका आकड्यावर तरी आपलं जुळलं!

ओंजळ
आज कागद छापला. पाचवं आता असं आहे: 'स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीतून बाहेर काढा. स्टेपनीतली हवा तपासा. हवा नसेल तर इथेच थांबा आणि मदत मागवा.' सातव्यात 'घड्याळाच्या काट्यांच्या उलट' आलं. नववं, 'बाजूला बसा. चाक जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी उचला, मग अजून चार बोटं उचला.' सोळावं, ठोकळे, त्रिकोण आणि सामान गोळा करा. सतरावं, ५० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासा, आणि त्यासमोर रिकामी जागा. बारीक स्टेपनी आमच्या एकाच गाडीत आहे, म्हणून ८० ची ओळ फक्त त्या कागदावर, 'स्टेपनी बसवा'च्या लगेच खाली ठेवलीय.

त्या मुलीने काल पुन्हा केलं, एकदाही माझ्याकडे न बघता. तिने एक प्रश्न विचारला जो मला सोडवता आला नाही. आमच्या एका गाडीला प्रत्येक चाकावर एक कुलूपवाला नट आहे, त्याची वेगळी चावी लागते. ती चावी कुठे ठेवलीय ते कुणालाच माहीत नाही. ती सापडली की पाचव्यात 'चावी' घालणार. पण ती सातव्यात पहिल्यांदा लागते. मग बाकी हत्यारांबरोबर पाचव्यातच काढायला सांगू की सातव्यात?

जुनापाना
पाचव्यात. चावी नाही हे गाडी उचलल्यावर तर नाहीच, ठोकळे लावल्यावरही कळायला नको. आणि ताई, चावी बहुतेक स्टेपनीच्या मधल्या खोबणीत नाहीतर डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडते. आधी तिथे बघा.

ओंजळ
सापडली! डॅशबोर्डच्या कप्प्यातच होती, रुमालात गुंडाळलेली. पाचव्यात घातली.